तेवीस हजारांची थकबाकी, आणि पुरावा म्हणे सॉफ्टवेअर

वाचकाचं पत्र

आमच्या सोसायटीत मेंटेनन्सचं बिल तिमाहीला येतं. मी बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन ठेवली आहे, दर तिमाहीला ९,६०० रुपये आपोआप जातात. एकही हप्ता चुकलेला नाही. तरी एप्रिल २०२५ च्या बिलात ‘मागील थकबाकी २३,०१३’ आणि एकूण देय ३३,५१३ असं आलंय. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, “सॉफ्टवेअर दाखवतंय म्हणजे बरोबरच असणार. २०२३ पासून सगळं कॉम्प्युटरवर आहे.” खजिनदार नवीन आहेत, त्यांना मागचं काही ठाऊक नाही. आता नोटीस बोर्डावर थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव लागलंय. मागची बिलं शोधली तर दोन सापडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये थकबाकी १९,१०७ आणि जानेवारी २०२५ मध्ये २१,०१०. तिन्ही बिलं सोबत जोडते. पैसे भरून मोकळी होऊ का भांडू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, भांडायचं आहे, पण सगळ्या रकमेसाठी नाही. तुमच्या या तीन बिलांतच बरंचसं उत्तर दडलंय. आधी ते बघू, म्हणजे सोसायटीकडे नेमकं काय मागायचं ते कळेल.

ऑक्टोबर ते जानेवारी या तीन महिन्यांत थकबाकी १९,१०७ वरून २१,०१० झाली, म्हणजे १,९०३ ने वाढली. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘व्याज १,००३’ आहे. उरतात ९००. आता त्याच बिलाची चालू रक्कम बघा: १०,५००. तुमची बँक पाठवते ९,६००. फरक तोच, ९००. जानेवारी ते एप्रिलचंही तेच: २,००३ ची वाढ, त्यात १,१०३ व्याज आणि पुन्हा ९००. याचा अर्थ मेंटेनन्स कधीतरी महिना ३,२०० वरून ३,५०० झाला आणि तुमची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन जुन्याच आकड्यावर चालू राहिली. ही चूक सोसायटीची नाही. वाढ सर्वसाधारण सभेच्या ठरावाने झाली असेल आणि बिलं तुम्हाला मिळत असतील, तर हे ९००-९०० तुमच्याकडून येणं आहेच. हे आधीच सांगतो, कारण अशा भांडणात “मी एक पैसाही देणं लागत नाही” म्हणून सुरुवात केली आणि पहिल्याच बैठकीत समोरच्याने हा फरक काढून दाखवला, की पुढचं खरं म्हणणंही कोणी ऐकून घेत नाही.

आता व्याज. १९,१०७ वर १,००३ म्हणजे तिमाहीला सव्वापाच टक्के, वर्षाला २१. दर पाहून दचकू नका. सरकारच्या २०१४ च्या आदर्श उपविधींमध्ये थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावायची मुभा आहे. तुमच्या संस्थेने सभेत कमी दर ठरवला असेल तर तो लागू होईल, म्हणून तेही विचारून घ्या. पण त्याच उपविधींत हे व्याज सरळव्याज असावं असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या बिलात जानेवारीचं व्याज १९,१०७ वर लागलं आणि एप्रिलचं २१,०१० वर. या २१,०१० मध्ये आधीचे १,००३ रुपये व्याज मिसळलेलं आहे. व्याजावर व्याज लागलंय, म्हणजे हे चक्रवाढ झालं. सोसायट्यांच्या हिशेबात ही गडबड फार सर्रास दिसते. बहुतेक वेळा त्यामागे कोणाची लबाडी नसते. सॉफ्टवेअर बसवताना ‘व्याज कशावर’ या रकान्यात मुद्दलाऐवजी एकूण बाकी निवडली गेलेली असते, आणि त्यानंतर तिकडे कोणी फिरकत नाही.

या तीन बिलांवरून मागेमागेही जाता येतं. प्रत्येक तिमाहीचे ९०० आणि सव्वापाच टक्के वजा करत मी आकडे उलटे मोजले. ऑक्टोबर २०२३ च्या तिमाहीच्या आधी ९०० चा फरक नव्हता असं धरलं, तर सप्टेंबर २०२३ अखेर बाकी १२,३९८ येते, मार्च २०२३ अखेर ११,१९२, आणि जून २०२२ अखेर बरोबर ९,६००. हा आकडा म्हणजे तुमचं त्या काळातलं एका तिमाहीचं बिल. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण उलट्या गणितातून इतका नेमका आकडा सहसा योगायोगाने निघत नाही. एप्रिल ते जून २०२२ चा तुमचा हप्ता बँकेतून गेला असणार, पण सोसायटीच्या वहीत तुमच्या नावावर चढला नाही.

असं का होतं तेही समजून घ्या, कारण पुढचा अर्ज त्यावरच लिहायचा आहे. ऑनलाइन पैसे सोसायटीच्या खात्यात आले की बँकेच्या उताऱ्यात एक ओळ येते: तारीख, रक्कम, त्या व्यवहाराला बँकेने दिलेला यूटीआर क्रमांक आणि पाठवणाऱ्याचं नाव. फ्लॅट नंबर त्यात असेलच असं नाही. हिशेब लिहिणाऱ्याला नाव ओळखू आलं नाही, किंवा खातं नवऱ्याच्या नावावर आणि फ्लॅट बायकोच्या नावावर असला, की तो ती रक्कम तात्पुरती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतो. कोणी विचारायला आलं नाही की ती तिथेच राहते. दुसरी शक्यता अशी की ती दुसऱ्याच फ्लॅटला जमा झाली. नावात साम्य असलं की हे सहज घडतं, आणि त्या फ्लॅटवाल्याला जास्तीचे पैसे जमा दिसत असल्यामुळे तो काही तक्रार करायला येत नाही. मग एप्रिल २०२३ मध्ये तुमचं सगळं कॉम्प्युटरवर गेलं. तेव्हा जुन्या वहीतली बाकी ‘ओपनिंग बॅलन्स’ म्हणून एका आकड्यात उचलली गेली. त्या दिवसापासून सॉफ्टवेअर तोच आकडा खरा मानतंय. सेक्रेटरी खोटं बोलत नाहीत, त्यांच्या पडद्यावर खरंच तसं दिसतं. म्हणून ‘सॉफ्टवेअरचं स्टेटमेंट’ मागू नका. ते एप्रिल २०२३ पासून सुरू होईल, पहिल्याच ओळीत ११,१९२ दाखवेल, आणि तुमच्या हातात काही पडणार नाही. तुम्हाला त्याच्या आधीची वही हवी.

पण पहिलं काम बँकेत आहे. एप्रिल ते जून २०२२ चा खातेउतारा काढा. मोबाइल ॲपमध्ये इतकं मागचं दिसलं नाही तर शाखेत लेखी अर्ज करा, थोडं शुल्क घेतील. त्यात ९,६०० गेल्याची ओळ, तारीख आणि यूटीआर मिळाला, की तुमची बाजू पक्की झाली. ओळ मिळालीच नाही, म्हणजे त्या तिमाहीत शिल्लक कमी असल्याने किंवा आणखी कशाने हप्ता परत गेला असेल, तर पुढचं सगळं म्हणणं बदलेल. मग फक्त चक्रवाढ व्याजाचा मुद्दा उरतो. हे आधी बघा, अर्ज नंतर.

आता अर्ज. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-८ प्रमाणे सभासदाला संस्थेची काही कागदपत्रं कार्यालयात बसून विनाशुल्क पाहता येतात, आणि लेखी मागणी करून शुल्क भरलं की त्यांच्या प्रतीही मिळतात. त्यात शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं आहेत, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या वह्यांत तुमचे संस्थेशी झालेले व्यवहार लिहिलेत तो भागही आहे. दुसऱ्या सभासदांची खाती मागायचा हक्क यात नाही, ती मागूही नका. तुमची रक्कम शेजाऱ्याच्या नावावर गेली असेल तर ती शोधायचं काम त्यांचं.

अर्ज तोंडी नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. साध्या कागदावर, सेक्रेटरींच्या नावे, अध्यक्ष आणि खजिनदारांना प्रत असा लिहा. मजकूर साधारण असा ठेवा:

“मी फ्लॅट क्रमांक अमुक ची सभासद आहे. एप्रिल २०२५ च्या बिलात दाखवलेली २३,०१३ रुपयांची मागील थकबाकी मला मान्य नाही. ती कशी आली हे तपासण्यासाठी अधिनियमाच्या कलम १५४ब-८ अन्वये पुढील नोंदींच्या प्रती मिळाव्यात. माझ्या सभासद खात्याचा (वैयक्तिक खतावणीचा) १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२५ या काळाचा संपूर्ण उतारा, ज्यात प्रत्येक बिल, प्रत्येक जमा, तिची तारीख, पावती क्रमांक आणि आकारलेलं व्याज वेगवेगळं दिसेल. १ एप्रिल २०२३ रोजी संगणकावर घेतलेल्या आरंभीच्या शिल्लकीचा तपशील, ज्या जुन्या वहीवरून ती घेतली त्या पानासह. व्याजाचा दर आणि आकारणीची पद्धत ज्या ठरावाने ठरली त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत. मेंटेनन्स वाढवण्याच्या ठरावाची प्रत. प्रतींचं शुल्क कळवल्यास त्वरित भरेन. या नोंदी प्रत्यक्ष पाहण्यासाठीही वेळ द्यावी.”

तक्रार म्हणून एवढंच पुरे. नोटीस बोर्ड, मनस्ताप, तीस वर्षांचं सभासदत्व यातलं काही त्यात घालू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि सोसायटीचा शिक्का घेऊन पोच ठेवा. वॉचमनची सही म्हणजे पोच नव्हे. सही द्यायला टाळाटाळ झाली तर तोच कागद स्पीड पोस्टने सोसायटीच्या पत्त्यावर पाठवा, पावती जपा आणि ईमेलही टाका. शुल्क भरल्यावर साधारण दीड महिना थांबायची तयारी ठेवा. समितीवरचे लोकही नोकऱ्या सांभाळून हे करतात, आणि जुनी वही बहुतेक वेळा आधीच्या खजिनदारांच्या कपाटात असते.

उतारा हातात आला की सगळ्या ओळी वाचत बसू नका. आधी जमा बाजू घ्या आणि बँकेच्या उताऱ्याशी एकेक हप्ता टिकमार्क करत जुळवा. जून २०२२ च्या आसपास एक जमा गायब दिसेल, निदान माझा कयास तसा आहे. मग ३१ मार्च २०२२ ची बाकी बघा. ती शून्य असेल तर त्याआधीचा प्रश्न मिटला. नंतर ३१ मार्च २०२३ ची अखेरची बाकी आणि १ एप्रिलचा ओपनिंग बॅलन्स एकच आहे का ते पाहा. कधीकधी वहीत ९,६०० असतात आणि संगणकावर चढवताना त्यात व्याज मिसळून ११,१९२ होतात. असं झालं की पुढे मुद्दल कोणतं आणि व्याज कोणतं हे कोणालाच सांगता येत नाही. आणखी एक जागा आहे, ताळेबंद. लेखापरीक्षित ताळेबंदासोबत ‘सभासदांकडून येणे’ अशी यादी जोडलेली असते. मार्च २०२३ च्या यादीत तुमचं नाव किती रकमेला आहे ते बघा, आणि देणी बाजूला ‘सस्पेन्स’ किंवा ‘अनोळखी जमा’ अशी ओळ आहे का तेही. तिथे ९,६०० किंवा ते पोटात घेणारी मोठी रक्कम दिसली, तर तुमचे पैसे बहुधा तिथेच पडून आहेत.

समजा हे सगळं माझ्या अंदाजाप्रमाणे निघालं, तर खरा हिशेब किती होतो? २०२२ चा हप्ता जमा धरला की जुनी थकबाकी आणि तिच्यावरचं सगळं व्याज जातं. उरतो ९०० चा फरक, ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२५ अशा सहा तिमाहींचा: ५,४००. त्यावर २१ टक्के सरळव्याज म्हणजे प्रत्येक ९०० वर तिमाहीला ४७ रुपये २५ पैसे. पहिल्या फरकाला मार्च २०२५ पर्यंत पाच तिमाहींचं व्याज लागतं, दुसऱ्याला चार तिमाहींचं, असं उतरत शेवटच्याला काहीच नाही. एकूण पंधरा तिमाही, ७०९ रुपये. बेरीज ६,१०९. बिलात मागितलेत २३,०१३. म्हणजे वादाची रक्कम १६,९०४.

इथे खजिनदार एक युक्तिवाद करतील, तो आधीच सांगून ठेवतो. “आम्ही चक्रवाढ लावतच नाही, फक्त तुमचा हप्ता आला की आधी व्याज वळतं करतो आणि उरलेलं मुद्दलात.” ऐकायला रास्त वाटतं. पण परिणाम तोच होतो. व्याज तुमच्या चालू हप्त्यातून कापलं की चालू बिल तेवढं अपुरं राहतं, तो तुटवडा नव्या मुद्दलात जातो आणि त्यावर पुन्हा व्याज लागतं. यावर उपाय भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५९ मध्ये आहे: अनेक देण्यांपैकी कोणत्या देण्यापोटी रक्कम देतोय हे देणाऱ्याने सांगितलं आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली, तर ती त्याच देण्यात जमा करावी लागते. काही न सांगता पैसे पाठवले, तर कुठे जमा करायचे ते घेणारा ठरवू शकतो. तुमच्या स्टँडिंग इन्स्ट्रक्शनमध्ये आजवर काहीच लिहिलेलं नव्हतं. आता लिहा.

म्हणून वाद चालू असताना पैसे अडवू नका. चालू तिमाहीचे पूर्ण १०,५०० मुदतीत भरा आणि नॅरेशनमध्ये, म्हणजे पैसे पाठवताना शेरा लिहायच्या रकान्यात, फ्लॅट नंबर आणि ‘एप्रिल-जून २०२५ चालू बिल’ असं टाका. नॅरेशनची जागा तोकडी असते, म्हणून त्याच दिवशी ईमेलवर एक ओळही पाठवा. कबूल असलेले ६,१०९ वेगळे भरा, तेही ‘ऑक्टो २०२३ ते मार्च २०२५ फरक व व्याज’ असं लिहून, आणि ईमेलमध्ये ‘उरलेल्या रकमेबाबतची हरकत राखून’ हे शब्द घाला. चालू बिल थांबवलं तर आज चुकीने यादीत लागलेलं तुमचं नाव उद्या खरंच तिथे लागायच्या लायकीचं होईल.

उतारा मिळाल्यावर दुसरं पत्र द्या. सोबत बँकेच्या उताऱ्यातली ओळ आणि वरचा हिशेब जोडा. मागणी काय करायची ते नीट ठरवा, कारण इथे लोक फसतात. समितीच्या बैठकीत कोणीतरी मोठ्या मनाने म्हणेल, “जाऊ दे, ताईंचं व्याज माफ करू.” नको म्हणा. माफी घेतली की ९,६०० चं मुद्दल तुम्ही मान्य केलं असं होतं, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा बिलात उगवेल. तुम्हाला हवी आहे दुरुस्तीची नोंद, ज्याला हिशेबवाले जेव्ही म्हणतात: सस्पेन्सला नावे, तुमच्या खात्याला जमा, मूळ तारखेच्या परिणामासह, आणि त्या रकमेवर आजवर लावलेल्या व्याजाची उलट नोंद. शिवाय व्याजाची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये बदलली का तेही विचारा. ती बदलली नाही, तर तुमच्यासारख्या बाकीच्या थकबाकीदारांनाही तेच चक्रवाढ लागत राहील. हे ऐकलं की समिती जरा सावध होते, कारण मग प्रश्न एका फ्लॅटचा राहत नाही. दुरुस्ती झाल्यावर नव्या तारखेचा उतारा आणि ‘येणे बाकी नाही’ असं पत्र मागून घ्या.

दीड-दोन महिन्यांत उत्तरच आलं नाही, किंवा वही देत नाही म्हणाले, तर पोच जोडून उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा. डोंबिवलीसाठी तालुक्याचं कार्यालय कल्याणला आहे. मागणी एकच ठेवा: नोंदींच्या प्रती देण्याचे निर्देश. रक्कम बरोबर की चूक याचा निवाडा तिथे मागू नका. सभासद आणि संस्था यांच्यातला पैशांचा वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो, आणि सोळा-सतरा हजारांसाठी तिथे वकील लावून तारखा घेणं परवडत नाही, हे माझं स्पष्ट मत. कागद हातात असतील तर दहातले बरेच वाद समितीच्या टेबलावरच मिटतात. त्याआधी वार्षिक सर्वसाधारण सभा असते, ती ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. हिशेब मंजुरीचा विषय आला की उभं राहून ‘सभासदांकडून येणे’ या यादीतल्या आपल्या नावावर हरकत नोंदवा आणि ती इतिवृत्तात आली का ते नंतर तपासा.

एका कागदाकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नका. थकबाकी वसूल करायला सोसायटी कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडे वसुली दाखला मागू शकते. तसा अर्ज झाला तर तुम्हाला नोटीस येईल. त्या तारखेला हजर राहा आणि लेखी म्हणणं, बँकेचा उतारा, दोन्ही पत्रांच्या पोच सादर करा. एकदा दाखला निघाला की ती रक्कम जमीन महसुलासारखी वसूल करता येते, जप्तीपर्यंत मजल जाऊ शकते. आणि दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी सोसायटीकडे भरावी लागते. सगळं म्हणणं दाखल्याच्या आधीच मांडलेलं असावं ते याचसाठी. कोणी सल्ला देईल की तीन वर्षांपूर्वीचं आहे, मुदत संपली, काही करू नका. तो धोकादायक आहे. कलम ९२ प्रमाणे सभासदाकडून येणं असलेल्या रकमेच्या वादाची मुदत सभासदत्व संपल्यापासून किंवा मृत्यूपासून मोजतात. तुम्ही सभासद आहात तोवर जुनी थकबाकी आपोआप मरत नाही. ती खोटी असेल तर खोटी म्हणूनच खोडावी लागते.

नोटीस बोर्डाबद्दल वेगळं भांडण काढू नका. दुरुस्तीची मागणी करणाऱ्या पत्रात एक वाक्य घाला: रक्कम विवादित आहे, तपासणी पूर्ण होईपर्यंत माझं नाव यादीतून काढावं. बहुतेक सेक्रेटरी हे ऐकतात.

आणि स्टँडिंग इन्स्ट्रक्शन आजच बदला. ती ९,६०० वर राहिली तर जुलैत आणखी ९०० चढलेले असतील. बदलताना पैसे कोणत्या नावाच्या खात्यातून जातात ते बघा. ते खातं यजमानांच्या नावावर असेल, तर तसं सोसायटीला लेखी कळवून ठेवा, म्हणजे पुढचा हप्ता तरी सस्पेन्समध्ये पडणार नाही.